छायाचित्रातील आलेख आणि निसटलेले एकक

बाळापूरच्या एका अभ्यासिकेत सायंकाळी बसणाऱ्या मुलांच्या हाती हल्ली पुस्तकापेक्षा पुस्तकाची छायाचित्रे अधिक दिसतात. अकोल्याच्या शिकवणीला जाणारा एखादा मित्र प्रश्नसंचाच्या पानाचा फोटो काढतो, तो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाच-सहा जणांकडे फिरतो, आणि अकोल्याहून पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर असलेली ही मंडळी भ्रमणध्वनीच्या चार बोटे रुंद पडद्यावर स्तंभालेख वाचू लागतात. गणित त्यांचे कच्चे नसते. टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी हे सारे त्यांना येते. तरीही पाच प्रश्नांच्या संचात तीन उत्तरे चुकतात, आणि चूक शोधू गेल्यास ती आकडेमोडीत नव्हे, तर आकडा वाचण्यात सापडते.

बँकांच्या भरती परीक्षांत चुकलेल्या प्रश्नामागे पाव गुण वजा होतो. एकाच आलेखावर पाच प्रश्न असतील आणि आलेखाचे एककच चुकीचे धरले गेले, तर नुकसान एका प्रश्नाचे राहत नाही. प्रत्यक्ष परीक्षेत आलेख स्वच्छ छापलेला किंवा संगणकाच्या पडद्यावर असतो हे खरे; परंतु सराव छायाचित्रांवर झालेला असेल, तर छायाचित्राने लावलेल्या सवयी परीक्षेतही सोबत येतात. म्हणून असा एक संच येथे मुळापासून वाचून पाहू. आकडे खरे आहेत, अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांच्या जनगणनेतले. मांडणी मात्र सरावासाठी केलेली आहे.

एक खुलासा आधीच केलेला बरा. मराठीत तक्त्याच्या उभ्या ओळीलाही ‘स्तंभ’ म्हणतात आणि आलेखातल्या उभ्या पट्टीलाही. या लेखात पट्टीला स्तंभ आणि तक्त्यातील उभ्या ओळीला रकाना म्हटले आहे.

कापलेली तळटीप

पानावर वरच्या बाजूला तक्ता आहे, खाली स्तंभालेख आहे आणि त्याखाली पाच प्रश्न. फोटो काढणाऱ्याचे सारे लक्ष आकड्यांवर असते. त्यामुळे तक्त्याच्या डोक्यावरची बारीक अक्षरांतली ओळ आणि पायाशी असलेली त्याहून बारीक तळटीप, या दोन्ही गोष्टी चौकटीबाहेर राहतात. पाहणाऱ्याला त्यांची उणीव जाणवत नाही, कारण आकड्यांची चौकट पूर्ण दिसत असते. पण आकडा कशाचा, किती पटीत आणि कोणत्या सीमेतला, हे त्या दोन ओळींतच लिहिलेले असते.

तळटीप किती महत्त्वाची, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्याचे आहे. जुन्या तक्त्यात १९९१ ची अकोला जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २२ लाख दिसते. २००१ च्या तक्त्यात तीच १६,३०,२३९ आहे. दोन स्तंभ शेजारी उभे केले की जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे २६ टक्क्यांनी घटली, असे उत्तर सरळ हाती येते. पर्यायांतही ते असते.

तसे काहीही घडलेले नव्हते. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम हा स्वतंत्र जिल्हा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके तिकडे गेले. बाळापूरसह सात तालुके अकोल्यात राहिले. आजच्या अकोला जिल्ह्याच्या सीमेत १९९१ साली सुमारे साडेतेरा लाख माणसे होती. त्या आधारावर मोजले तर १९९१ ते २००१ या काळात जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेवीस टक्क्यांनी वाढली. ‘१९९१ चे आकडे विभाजनपूर्व जिल्ह्याचे आहेत’ एवढी एक ओळ फोटोत आली असती, तर घटीच्या जागी वाढ दिसली असती. आकडे दोन्ही वेळा बरोबर होते. बदलली होती ती आकड्यामागची जमीन.

अशी ओळ कापली गेल्याचा संशय कसा यावा? एखाद्या आकड्याच्या डोक्यावर लहानसा तारा किंवा फुली असेल आणि तिचे स्पष्टीकरण फोटोत कोठेच नसेल, तर तळटीप बाहेर राहिली हे नक्की. खूण नसेल तेव्हा मालिकेतली अचानक मोठी उडी किंवा मोठी घसरण हीच खूण समजावी. जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत चतुर्थांशाने घटण्यासाठी मोठा दुष्काळ वा साथ लागते. तसे काही ठाऊक नसेल, तर आधी सीमा बदलली का ते विचारावे, टक्केवारी नंतर काढावी.

हजार, लाख आणि दशलक्ष

आता तक्ता पाहू. २०११ च्या रकान्यात अकोल्यासमोर १८१४, अमरावतीसमोर २८८८, बुलढाण्यासमोर २५८६, यवतमाळसमोर २७७२ आणि वाशिमसमोर ११९७ असे आकडे आहेत. शेवटी एकूण ११२५८. वरची ओळ कापलेली आहे. हे आकडे किती पटीत आहेत?

येथे तर्क कामी येतो. ते लाखांत असते, तर एकट्या अकोला जिल्ह्याची लोकसंख्या १८ कोटी १४ लाख झाली असती. २०११ साली सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाखांच्या आसपास होती. म्हणजे लाख हे एकक शक्य नाही. शेकड्यांत धरले तर अकोला जिल्हा १,८१,४०० माणसांचा ठरतो. एकट्या अकोला शहरातच त्याहून पुष्कळ अधिक लोक राहतात, म्हणून तेही बाद. उरते हजार. १८१४ हजार म्हणजे १८ लाख १४ हजार, आणि जनगणनेतला पूर्ण आकडा १८,१३,९०६ आहे. तेव्हा कापलेली ओळ ‘आकडे हजारांत’ अशीच असणार.

ही कसोटी चालते, कारण आपल्याला एखादा तरी खरा आकडा पाठ असतो. स्वतःच्या जिल्ह्याची लोकसंख्या, स्वतःच्या राज्याची लोकसंख्या, असे दोन-तीन आकडे लक्षात असले तर बहुतेक अनोळखी तक्त्यांचे एकक त्यांच्या आधाराने ठरवता येते. अर्थात काल्पनिक कंपनीच्या काल्पनिक विक्रीचा तक्ता असेल तर हा आधार नाही. तेथे ओळ कापली गेली की एकक गेलेच.

इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकातून आलेल्या पानांवर आणखी एक अडचण उभी राहते. तेथे अकोल्यासमोर 1,814 छापलेले असू शकते किंवा 1.814. स्वल्पविराम की दशांशचिन्ह, हे पुसट फोटोत ओळखणे अवघड. गंमत अशी की दोन्ही लेखने बरोबर असू शकतात. पहिल्यात आकडा हजारांत आहे, दुसऱ्यात दशलक्षांत, आणि दोन्हींचा अर्थ एकच, १८ लाख १४ हजार. म्हणून चिन्हाकडे टक लावून पाहण्यापेक्षा चिन्ह आणि एकक यांची जोडी जमते का, ते पाहावे. हजारांत असेल तर ते स्वल्पविरामच, दशलक्षांत असेल तर ते दशांशचिन्हच. तसेच पूर्ण आकडा 1,813,906 असा लिहिलेला दिसला, तर पहिल्या स्वल्पविरामापाशी ‘लाख’ असे मनात वाचू नये. आपल्या पद्धतीत शेवटचे तीन अंक सोडून पुढे दोन-दोन अंकांवर स्वल्पविराम येतो, त्या पद्धतीत तीन-तीनांवर. हमखास उपाय म्हणजे स्वल्पविराम मनातून पुसून अंक उजवीकडून मोजणे. सात अंक म्हणजे दहा लाखांच्या घरातली संख्या.

पुसट अंक

देवनागरी अंकांत १ आणि ९, ४ आणि ५ या जोड्या धूसर छायाचित्रात एकमेकींत मिसळतात. रोमन अंकांत 3 आणि 8, 5 आणि 6 यांचे तसेच होते. पडदा बोटांनी मोठा केला की अंक मोठा होतो, स्पष्ट होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून येताना फोटो आकुंचित झालेला असतो आणि गेलेला तपशील परत येत नाही. तेव्हा डोळ्यांवर ताण देण्यापेक्षा तक्त्याला विचारावे.

समजा, बुलढाण्याचा तिसरा अंक वाचता येत नाही. दिसते ते एवढेच, की दोन, पाच, काहीतरी आणि सहा. एकूण ११२५८ आहे. बाकीच्या चार जिल्ह्यांची बेरीज १८१४, २८८८, २७७२ आणि ११९७ मिळून ८६७१ होते. ११२५८ मधून ती वजा केली की २५८७ उरतात. म्हणजे पुसट अंक आठ आहे.

पण शेवटी सहा स्पष्ट दिसत होता आणि वजाबाकी तर सात सांगते. येथे काही मुले सहाचा सात करतात आणि आपण चूक पकडली म्हणून समाधान मानतात. चूक कोणाचीही नाही. बुलढाण्याची खरी लोकसंख्या २५,८६,२५८ आहे, ती हजारांत २५८६ होते. पाचही जिल्ह्यांची खरी बेरीज १,१२,५८,११७, ती हजारांत ११२५८ होते. परंतु प्रत्येक जिल्ह्याचा आकडा वेगवेगळा पूर्णांकात आणून नंतर बेरीज केली तर ती ११२५७ येते. हा एकाचा फरक पूर्णांकनाचा आहे. पाच आकड्यांच्या बेरजेत एक-दोनचा फरक आला तर तो चालू द्यावा. दहा, शंभर किंवा हजाराचा आला तर कोणता तरी अंक चुकीचा वाचला गेला आहे. फरक कोणत्या स्थानी आहे, यावरून चुकलेला अंकही त्याच स्थानी शोधता येतो.

शून्यापासून न निघालेला अक्ष

तक्त्याखालच्या आलेखात प्रत्येक जिल्ह्याचे दोन स्तंभ आहेत, २००१ आणि २०११ चे. उभ्या अक्षावर १०, १५, २०, २५, ३० असे आकडे आहेत आणि बाजूला ‘लोकसंख्या, लाखांत’. पहिली गोष्ट लक्षात घ्यावी ती ही, की वरचा तक्ता हजारांत होता आणि खालचा आलेख लाखांत आहे. एकाच पानावर एकक बदलले आहे. एका प्रश्नासाठी तक्त्यातून एक आणि आलेखातून दुसरा आकडा घ्यावा लागला, तर आधी दोन्ही एका पटीत आणावे लागतात.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. अक्ष शून्यापासून नव्हे, दहापासून सुरू होतो. छापील पानावर अशा वेळी अक्षाच्या तळाशी एक लहानशी नागमोडी खूण असते. ती ‘मधला भाग गाळला आहे’ असे सांगते. पण ती सर्वच आलेखांत नसते, आणि असली तरी फोटोचा खालचा भाग कापला गेला की जाते. मग डोळा तळालाच शून्य मानतो आणि स्तंभांच्या उंचीची तुलना करू लागतो.

परिणाम पाहा. पडद्यावर १० ते ३० हे अंतर ६० मिलिमीटर भरते असे समजू, म्हणजे एक लाखाला तीन मिलिमीटर. अमरावतीचा २०११ चा स्तंभ २८.८८ लाखांचा, म्हणजे तळापासून १८.८८ लाख वर, सुमारे ५७ मिलिमीटर उंच. अकोल्याचा १८.१४ लाखांचा, म्हणजे ८.१४ लाख वर, सुमारे २४ मिलिमीटर. डोळ्यांना अमरावती अकोल्याच्या सव्वादोन पटींहून मोठी दिसते. प्रत्यक्षात २८.८८ भागिले १८.१४ म्हणजे १.५९ पट, दीडपटीहून थोडी अधिक.

वाशिमच्या बाबतीत तर चित्र हास्यास्पद होते. त्याची २००१ ची लोकसंख्या १०,२०,२१६ होती, म्हणजे तळाच्या रेघेपासून जेमतेम ०.२ लाख वर. पडद्यावर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. हा स्तंभ फोटोत रेघेसारखा दिसतो, कित्येकांना तो दिसतच नाही. २०११ ची लोकसंख्या ११,९७,१६०, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटर. पाहणाऱ्याला वाटते, वाशिमची लोकसंख्या दहा वर्षांत दहापट झाली. प्रत्यक्षातली वाढ १७.३४ टक्के आहे. अभ्यासिकेतल्या एका मुलीने तर ‘२००१ साली वाशिम जिल्हा नव्हताच, म्हणून स्तंभ नाही’ असे सांगितले. विभाजनाचे वर्ष तिला ठाऊक नव्हते, परंतु न दिसणाऱ्या स्तंभाला काही कारण असले पाहिजे हा तिचा विचार योग्य होता. उत्तर इतिहासात नव्हते, अक्षाच्या तळाशी होते.

म्हणून स्तंभाकडे पाहण्याआधी अक्षावरचा सर्वांत खालचा आकडा वाचावा. तो शून्य नसेल तर उंचीवरून गुणोत्तर कधीही काढू नये. प्रत्येक स्तंभाचा पूर्ण आकडा वाचून मगच भागाकार करावा. वजाबाकीला मात्र धोका नाही. दोन स्तंभांतला फरक उंचीच्या फरकावरून काढला तरी बरोबरच येतो, कारण गाळलेले दहा लाख दोन्हींतून सारखेच गाळलेले असतात. प्रश्न ‘कितीने’ असा आहे की ‘किती पटीने’ असा, यावर येथे सारे अवलंबून आहे.

मधल्या बारीक रेघांचीही एक नेहमीची चूक आहे. १० आणि १५ यांच्या मध्ये चार बारीक रेघा असतील तर एक घर किती लाखांचे? बरेच जण पाचाला चाराने भागून सव्वा लाख म्हणतात. चार रेघांनी पाच घरे होतात, म्हणून एक घर एका लाखाचे. मोजायची ती घरे, रेघा नव्हेत.

तिरका फोटो

येथवरच्या चुका छापील पानावरही होऊ शकतात. पुढची चूक निव्वळ कॅमेऱ्याची आहे. पान टेबलावर आहे आणि फोटो बाजूने, तिरका काढला आहे. भ्रमणध्वनीच्या जवळची बाजू मोठी येते, दूरची लहान. रेल्वेचे रूळ लांबवर जवळ आल्यासारखे दिसतात, तसेच आलेखाच्या आडव्या रेघा उजवीकडे एकमेकींजवळ येतात.

आपल्या फोटोत डावीकडे, अक्षापाशी, १० ते ३० हे अंतर ६० मिलिमीटर आहे. बुलढाण्याचा स्तंभ जेथे उभा आहे तेथे तेच अंतर ५१ मिलिमीटर झाले आहे आणि यवतमाळपाशी ४८. यवतमाळचा स्तंभ २७.७२ लाखांचा, त्याची फोटोतली उंची सुमारे ४२.५ मिलिमीटर भरते. आता एखाद्याने कागदाची कड लावून ही उंची अक्षाशी ताडून पाहिली, तर त्याला सुमारे २४.२ लाख हा आकडा मिळेल. साडेतीन लाख माणसे कमी झाली! बुलढाण्याचा २५.८६ लाखांचा स्तंभ याच रीतीने सुमारे २३.५ लाखांचा वाचला जाईल. दोन जिल्ह्यांतले खरे अंतर सुमारे १.८६ लाखांचे, फोटोत ते ०.७ लाखांवर आले. परीक्षेतले पर्याय एकमेकांपासून इतक्याच अंतरावर असतात.

यावर उपाय सोपा आहे. तिरक्या फोटोत सरळ रेघ सरळच राहते, फक्त तिचा कल बदलतो. म्हणून स्तंभाचे टोक पडद्याच्या कडेशी समांतर नेऊन अक्षाशी भिडवू नये. आलेखातील आडव्या रेघा स्तंभापर्यंत आलेल्या असतात, त्यांच्याच आधाराने, स्तंभ उभा आहे तेथेच वाचावे. यवतमाळचे टोक २५ आणि ३० यांच्या रेघांमध्ये आहे. त्या दोन रेघांतले अंतर तेथे १२ मिलिमीटर आणि टोक खालच्या रेघेपासून साडेसहा मिलिमीटर वर. साडेसहा भागिले बारा म्हणजे अर्ध्याहून थोडे अधिक, पाच लाखांचे अर्धे अडीच, म्हणून २७.७ लाख. खरा आकडा सापडला. दोन लगतच्या रेघांमधले घर लहान असते, त्यामुळे तिरकेपणाचा दोष त्या घरात फारसा शिरत नाही.

आलेखात आडव्या रेघाच नसतील, तर तळाची रेघ आणि वरची चौकट यांच्यामध्ये त्या स्तंभापाशीच किती अंतर आहे ते पाहावे आणि त्या अंतराचा कितवा भाग स्तंभाने व्यापला ते काढावे. ही रीत आधीच्या इतकी अचूक नाही. फोटो वरून खाली तिरका असेल तर वरची घरे दाटलेली आणि खालची रुंद येतात. शिवाय जाड पुस्तकाचे पान शिवणीपाशी वाकलेले असेल तर रेघच वाकते, आणि तेथे कोणतीही युक्ती पुरत नाही. अशा स्तंभाचा आकडा अंदाजाने मांडून ठेवावा आणि तक्त्याशी ताडून पाहावा.

कापसाचा तक्ता

लोकसंख्येचे बरे असते. माणसे मोजायची, एकक एकच. प्रश्नसंचात वऱ्हाडातल्या मुलांना सर्वांत परिचित आणि तरीही सर्वांत फसवा तक्ता असतो तो कापसाचा. त्यात क्षेत्र लाख हेक्टरमध्ये, उत्पादन लाख गाठींमध्ये आणि उत्पादकता किलो प्रतिहेक्टरमध्ये असते. तीन रकाने, तीन एकके, आणि फोटोत तिन्हींची शीर्षके अर्धी कापलेली.

येथे एककांचे परस्परांशी असलेले नाते मदतीला येते. भारतात कापसाची गाठ १७० किलोंची धरतात आणि ती रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची असते. सोप्या आकड्यांनी पाहू. क्षेत्र ४० लाख हेक्टर आणि उत्पादन ८० लाख गाठी असेल, तर हेक्टरी दोन गाठी, म्हणजे ३४० किलो रुई. तिसऱ्या रकान्यात ३४० असेल तर तिन्ही एकके आपण बरोबर धरली. तेथे ४३६ च्या आसपास काही दिसले तर पुस्तक परदेशी असण्याचा संभव आहे, कारण अमेरिकेतली गाठ ४८० पौंडांची, सुमारे २१८ किलोंची असते.

३४० किलो वाचून शेतकऱ्याघरचा मुलगा म्हणतो, हे फारच कमी झाले, आमच्याकडे तर एकरी चार क्विंटल होतो. दोन्ही आकडे एकच आहेत. शेतकरी मोजतो तो सरकीसकट कापूस, त्यात रुई साधारण एक तृतीयांश निघते. ३४० किलो रुईसाठी सुमारे १० क्विंटल कापूस लागतो. तो हेक्टरी झाला. एका हेक्टरात सुमारे २.४७ एकर, म्हणून एकरी चार क्विंटल. घरच्या मापाने तक्ता असा तपासता आला तर ‘क्विंटल’ आणि ‘किलो’ यांची अदलाबदल लगेच लक्षात येते. कारण ३४० क्विंटल प्रतिहेक्टर कापूस वऱ्हाडात कोणीही पाहिलेला नाही.

एकक सापडलेच नाही तर

इतके करूनही काही फोटो हट्टी असतात. शीर्षक नाही, तळटीप नाही, ओळखीचा आकडा नाही. अशा वेळी सगळा संच सोडून देण्याची गरज नसते, प्रश्न वेगळे काढावे लागतात. ‘अकोल्याची वाढ किती टक्के’ याला एकक लागत नाही. १६३० वरून १८१४ म्हणजे ११.३ टक्के, मग ते हजार असोत की आणखी काही. पूर्ण आकड्यांवरून ते ११.२७ येतात. दोन जिल्ह्यांचे गुणोत्तर, एकूण लोकसंख्येतला वाटा, हेही तसेच. परंतु ‘फरक किती’, ‘एकूण किती’, ‘दर चौरस किलोमीटरला किती’ असे विचारले की एककाशिवाय उत्तर नाही. आणि आलेखाचा तळ कापला गेला असेल, अक्ष कोठून निघाला हेच माहीत नसेल, तर याच्या उलट घडते. तेथे दोन स्तंभांतला फरक घरे मोजून काढता येतो, पण टक्केवारी आणि गुणोत्तर काढता येत नाही.

मग पाठवणाऱ्याला दुसरा फोटो मागावा. मागताना ‘नीट काढ’ एवढे म्हणून भागत नाही. पुन्हा तसाच येतो. पान सपाट ठेवून भ्रमणध्वनी त्याच्या बरोबर वर, पानाशी समांतर धरायला सांगावे, आणि आकड्यांची चौकट न भरता पानाचे चारही कोपरे फोटोत आणायला सांगावेत. अक्षरे बारीक येत असतील तर तक्ता आणि आलेख यांचे वेगळे दोन फोटो, त्यांच्या शीर्षकासह आणि तळटीपेसह. ते फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले की आकुंचित होत नाहीत, आणि मग एक आणि नऊ वेगळे ओळखू येतात.